चौघांना लिहायचे माफीपत्र

व्हॅलोरंट या खेळात एका बाजूला पाच खेळाडू असतात आणि राखीव कोणी नसतो. रँक्ड मॅच रंगात आलेली असताना पाचांपैकी एकजण रागाने बाहेर पडला, तर त्याच्या जागी दुसरा येत नाही. उरलेले चौघे पाचांविरुद्ध शेवटपर्यंत खेळत राहतात. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवला की पुन्हा मैदानात येतो. इथे निघून गेलेला गडी स्वतःच्या मनाने परतला तरच परततो. अशा खेळाडूने नंतर साथीदारांना लिहिलेल्या माफीपत्रात काय असावे, हे बऱ्याच अंशी या खेळाचे नियमच ठरवतात. कोणाचे काय आणि किती गेले हे त्या नियमांतून कळते. ते ज्या पत्रात नसते, त्यात 'सॉरी' या शब्दाखेरीज फारसे काही उरत नाही.

रायट गेम्स या कंपनीने हा खेळ जून २०२० मध्ये आणला. त्याचे सर्व्हर मुंबईतही असल्यामुळे महाराष्ट्रातल्या तरुणांना तो घरबसल्या सुरळीत खेळता येतो. एक बाजू ठरलेल्या जागी 'स्पाइक' नावाचा स्फोटक बसवायला बघते, दुसरी तो बसू देत नाही किंवा बसल्यावर निकामी करते. असा एक राउंड १०० सेकंदांचा असतो आणि त्याआधी साधारण ३० सेकंद शस्त्रे विकत घ्यायला मिळतात. १२ राउंडनंतर बाजू बदलतात. जो संघ आधी १३ राउंड जिंकेल, त्याची मॅच. रँक्ड मॅचमध्ये या निकालावर प्रत्येकाचे गुण वाढतात किंवा घटतात. खेळाडू त्यांना 'आरआर' म्हणतात. १०० आरआर झाले की एक पायरी वर. सगळ्यात खालच्या आयर्नपासून सगळ्यात वरच्या रेडियंटपर्यंतचा हा जिना चढायला महिने लागतात, आणि प्रत्येक हरलेली मॅच खेळाडूला थोडे खाली ओढते.

नमुन्यादाखल एक प्रसंग घेऊ. पाच मित्र एकत्र रँक्ड खेळत आहेत. नकाशा आहे असेंट. त्यांच्यातल्या एकाने ओमेन हे पात्र घेतले आहे. ओमेनचे मुख्य काम धुराचे गोळे टाकून शत्रूची नजर बंद करणे, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 'स्मोक टाकणे'. या संघात स्मोक टाकणारा तो एकटाच आहे. पहिला डाव ५-७ असा संपतो. बाजू बदलून संघ हल्ल्यावर येतो. दोन राउंडमध्ये ओमेनचा स्मोक उशिरा पडतो आणि आत शिरलेले दोघे समोरच्या उंच जागेवरून, म्हणजे 'हेवन'वरून, टिपले जातात. गुण होतात ६-९. खरेदीच्या वेळात सेज घेतलेला मित्र माइकवर म्हणतो, "स्मोक कुठे होता? झोपला होतास का?" ओमेन काही न बोलता गेम बंद करतो. चौघे आणखी पाच राउंड खेळतात, त्यातला एक जिंकतात आणि मॅच ७-१३ अशी हरतात.

यात नुकसान एकाच ठिकाणी झालेले नाही. खेळ जवळून माहीत असलेल्यालाच त्याचे सगळे थर दिसतात. एक माणूस कमी झाला, हे कोणालाही दिसेल. पण गेलेला माणूस स्मोकवाला होता. असेंटवर स्मोकशिवाय स्पाइकच्या जागेत शिरणे म्हणजे उघड्या चौकातून पळत जाणे. हेवनवरच्या नेमबाजाला आडवायला काहीच उरत नाही. शिवाय त्याच्या खात्यात साठलेले क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, त्याच्याबरोबरच अडकून पडले. तो असता तर त्याने पैसे कमी पडलेल्या मित्राला २,९०० क्रेडिटची व्हँडल बंदूक घेऊन दिली असती. चौघांचे आरआर गेले, आणि हार जितकी मोठ्या फरकाची तितके ते जास्त जातात.

मॅच संपल्यावर झालेले नुकसान बाहेरच्याच काय, कित्येकदा खुद्द त्या खेळाडूच्याही लक्षात येत नाही. रँक्ड मॅच सोडणाऱ्यावर काही काळ खेळबंदी येते. पहिल्या वेळी ती लहान असते, सवय दिसली की लांबत जाते. आता या खेळात रँक्डसाठी एकट्याने, दोघांनी, तिघांनी किंवा पाचांनी मिळून नाव लावता येते. चौघांना येत नाही. चार मित्र आणि एक अनोळखी अशी जोडणी झाली तर तो पाचवा एकटा पडतो, म्हणून ही मनाई आहे. त्यामुळे ओमेनवर बंदी आली की उरलेले चौघे त्या रात्री एकत्र रँक्ड खेळूच शकत नाहीत. कोणीतरी एकाने बाहेर बसायचे, नाहीतर पाचवा शोधायचा. एक मॅच सोडली म्हणून चौघांची अख्खी रात्र गेली.

आणखी एक गोष्ट. या खेळात बाहेर पडलेल्याला परतीचा दरवाजा उघडा असतो. मॅच संपेपर्यंत पुन्हा आत येता येते; गेम सुरू केला की तसे बटण समोर दिसते. म्हणजे मॅच सोडणे ही क्षणात होऊन गेलेली गोष्ट नाही. पाच राउंड, जवळजवळ दहा मिनिटे, तो खेळाडू दर राउंडला नव्याने 'जायचे नाही' असे ठरवत होता. पहिल्या क्षणाला रागाची सबब लागू पडेल. पुढच्या दहा मिनिटांना ती पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी असा खेळाडू ग्रुपवर सहसा जे लिहितो, ते साधारण असे असते:

"भावांनो, काल जे झालं त्याबद्दल सॉरी. दिवसभर कॉलेजमुळे डोकं फिरलं होतं, वर नेटही त्रास देत होतं. सारखं स्मोक स्मोक ऐकून माझा तोल गेला आणि मॅच सुटली. कोणाला वाईट वाटलं असेल तर माफ करा. आता विषय संपवू. रात्री येताय ना?"

या पत्रात खोटेपणा असेलच असे नाही. लिहिणाऱ्याला खरोखर वाईट वाटत असेल. तरीही पत्र फसते, आणि ते कुठे फसते हे मराठीच्या क्रियापदांत स्पष्ट दिसते. 'जे झालं', 'तोल गेला', 'मॅच सुटली' या तिन्ही ठिकाणी करणारा माणूस गायब आहे. बस सुटते, साबण हातातून सुटतो. मॅच तशी सुटत नाही, ती कोणीतरी सोडतो. मराठीत राग हा आपल्याकडे 'येतो' आणि तोल आपल्यापासून 'जातो'. भाषेची ही घडणच आहे, त्यात वावगे काही नाही. 'मला राग आला' असे लिहायला हरकत नाही. पण त्याच्या पुढच्या वाक्यात 'मी' यायलाच हवा: मी मॅच सोडली. 'माझ्या हातून चूक घडली' हेही वाक्य कानाला नम्र वाटते, पण त्यात चूक आपण होऊन घडते आणि हात नुसता निमित्ताला असतो. 'मी चुकलो' हे दोन शब्द त्याहून लहान आहेत आणि म्हणायला जास्त जड आहेत.

'वाईट वाटलं असेल तर' यातला 'तर' दुसरी अडचण करतो. चौघांचे आरआर गेलेच आहेत. त्यात शंका घ्यायला जागा नाही. 'तर' घातल्याने झालेले नुकसान चौघांच्या हळवेपणावर ढकलले जाते. 'सारखं स्मोक स्मोक ऐकून' या तीन-चार शब्दांत सेज घेणाऱ्या मित्रावर आरोप आहे आणि तोच माणूस पत्र सगळ्यात बारकाईने वाचणार आहे. नेटचा उल्लेख तर पत्राला मारकच ठरतो. नेट गेलेला खेळाडू धडपडत परत येतो, निदान फोनवरून कळवतो. हा दहा मिनिटांत आला नाही, हे चौघांनी आपल्या स्क्रीनवर पाहिलेले असते. एक सबब खोटी निघाली की उरलेल्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

मराठीत 'दिलगिरी' आणि 'माफी' यांतला फरकही इथे कामाचा आहे. दिलगिरी व्यक्त करतात. ती आपल्या मनाची स्थिती असते आणि ती सांगितली की काम झाले. वर्तमानपत्रे मजकुरातल्या चुकीबद्दल दिलगिरी छापतात. माफी मात्र मागावी लागते, म्हणजे ती देणे किंवा न देणे समोरच्याच्या हाती राहते. खेळाडूच्या पत्रात माफी हवी. पण ती मागण्याआधी देण्याचे काही असावे लागते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीच्या घटकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन प्रयोगांत मिळून ७५५ जणांनी त्यात भाग घेतला. त्यांच्यासमोर नोकरीसाठी आलेल्या एका लेखापालाचे काल्पनिक उदाहरण ठेवले होते: त्याने आधीच्या नोकरीत ग्राहकाचे करविवरणपत्र चुकीचे भरले होते. त्याच्या माफीत सहा घटक कमीअधिक करून पाहिले. खेद, स्पष्टीकरण, जबाबदारीची कबुली, पुन्हा न करण्याची हमी, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. सगळ्यात वजनदार ठरली जबाबदारीची कबुली. त्याखालोखाल भरपाई. सगळ्यात हलकी ठरली क्षमेची विनंती. वरच्या फसलेल्या पत्रात नेमका उलटा प्रकार आहे: स्पष्टीकरण भरपूर, विनंती आहे, कबुली आणि भरपाई नाही. हा अभ्यास कागदावरच्या प्रसंगाचा होता, मित्रांच्या भांडणाचा नव्हता, हे लक्षात ठेवूनच तो वापरावा.

त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष या प्रसंगाला थेट लागू पडतो. चूक कौशल्य कमी पडल्याने झाली असेल, तर लोक माफी सहज स्वीकारतात. सचोटी सोडल्याने झाली असेल, तर तितक्या सहज नाही. ओमेनचा स्मोक उशिरा पडला, ही पहिल्या जातीची चूक. ती सगळ्यांकडून होते आणि तिची माफी मागायचीही गरज नसते. मॅच सोडणे दुसऱ्या जातीचे. पुष्कळ खेळाडू पत्रात 'काल मी फारच वाईट खेळलो' असे लिहून दुसऱ्या चुकीऐवजी पहिलीची माफी मागतात, कारण तिची लाज कमी वाटते. चौघांना मात्र त्याच्या खेळाबद्दल तक्रार नसतेच. त्यांना प्रश्न पडलेला असतो की उद्या ६-९ झाले तर हा थांबेल का.

हे सगळे ध्यानात घेतले, तर पत्र असे होईल:

"भावांनो,

काल असेंटवर ६-९ असताना मी मॅच सोडली. नेट गेलं नव्हतं, मी चिडून गेम बंद केला. नंतर मॅच संपेपर्यंत मला परत येता आलं असतं, पण मी आलो नाही.

स्मोक फक्त माझ्याकडे होते. तुम्ही चौघं पाच राउंड स्मोकशिवाय साइटवर शिरत होता, तरी एक राउंड काढलात. तुमचे आरआर गेले. माझ्यावर बंदी आली आणि चौघांना रँक्ड लावता येत नाही, म्हणून तुमची रात्रही गेली.

माझे स्मोक दोनदा उशिरा पडले होते. ते मला सांगण्यात काही चूक नव्हती. मी चुकलो. तुम्हा चौघांची माफी मागतो.

गेलेले आरआर मला परत देता येणार नाहीत. बंदी संपली तरी मी स्वतःहून रँक्डचं नाव काढणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा आधी अनरेटेड खेळू. तोवर माझ्या जागी दुसऱ्या कोणाला घेतलंत तरी माझी हरकत नाही. यापुढे डोकं तापलं तर 'दोन राउंड गप्प बसतो' एवढं सांगून माइक बंद करीन, पण मॅच संपेपर्यंत उठणार नाही. लगेच उत्तर द्यायला हवं असं नाही."

पत्र सव्वाशे-दीडशे शब्दांचेच आहे. त्याहून लांब पत्र बहुधा स्पष्टीकरणाने लांबलेले असते. कॉलेजचा ताण यात नाही. तो खरा असला तरी चौघांपैकी कोणी विचारले तर सांगता येईल. न विचारता सांगितला की त्याची सबब होते. नुकसानीचा पाढा मात्र पूर्ण आहे, आणि त्यात चौघांच्या रात्रीचाही हिशोब आहे. आपल्यावर काय गुदरले हे याला कळले आहे, हे वाचणाऱ्याला तिथे दिसते.

भरपाईचा भाग लिहिताना खेळाडू हमखास एक चूक करतात. आरआर एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात देता येत नाहीत. म्हणून काहीजण "तुझ्या अकाउंटवर खेळून तुझा रँक परत वर नेऊन देतो" असे सुचवतात. दुसऱ्याच्या खात्यावरून खेळणे कंपनीच्या नियमांत बसत नाही आणि उघडकीला आले तर शिक्षा त्या मित्राच्या खात्याला होते. खेळातली महाग बंदुकीची रंगसंगती, म्हणजे स्किन, भेट देणे हीही भरपाई होत नाही. त्यातून मित्र आभाराच्या ओझ्याखाली येतो आणि राग बोलून दाखवायचा राहून जातो. ज्याची परतफेड होते ते म्हणजे निर्णयाचा हक्क. मॅच सोडताना ओमेनने चौघांच्या वतीने एकट्याने निर्णय घेतला होता. रँक्ड कधी लावायचे, त्याला घ्यायचे की नाही, हे आता चौघांनी ठरवायचे.

'पुन्हा असं होणार नाही' या वाक्याचेही तसेच. राग येणार नाही असे वचन कोणी देऊ शकत नाही. दोन-तीन राउंड सलग गेले, त्यात टोमणा बसला की डोके तापते आणि नेम, वेळ, निर्णय सगळेच बिघडते. या अवस्थेला खेळाडू 'टिल्ट' म्हणतात आणि चांगले चांगले खेळाडू तिच्यात सापडतात. त्यामुळे वचन रागाचे नको, राग आल्यावर काय करणार याचे हवे, आणि ते बाकीच्यांना पडताळून पाहता येईल असे हवे. खरेदीच्या अर्ध्या मिनिटात माइक बंद केला की नाही, शेवटच्या राउंडपर्यंत नाव यादीत होते की नाही, हे चौघांना दिसते.

पत्र कधी पाठवावे? त्याच रात्री पाठवलेले पत्र बहुधा अजून धगधगत असते. आठवड्याने पाठवले तर तोवर चौघांनी आपापसात निकाल लावून टाकलेला असतो. दुसऱ्या दिवशी, पुन्हा खेळायची वेळ येण्याआधी पाठवलेले बरे. मॅच पाचांची होती, म्हणून पत्र ग्रुपवर, सगळ्यांना एकाच वेळी. ज्याच्या बोलण्यावर राग निघाला त्या सेजला वेगळा फोन करावा, पण पत्राच्या बदल्यात नाही. गुपचूप एकेकाला लिहिले, तर प्रत्येकाला वेगळी कहाणी सांगितल्याचा संशय येतो.

सेजने केवळ टोमणा मारला नसता, आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या, तर? तरीही सोडल्याची माफी उरलेल्या तिघांना द्यावीच लागते. त्यांनी शिव्या दिल्या नव्हत्या. शिव्यांसाठी त्या खेळाडूचा आवाज बंद करण्याची आणि त्याची तक्रार नोंदवण्याची सोय खेळात आहे, आणि त्यासाठी मॅच सोडावी लागत नाही. सेजशी ते बोलणे वेगळे करावे आणि स्पष्ट करावे. एकाच पत्रात माफी आणि तक्रार एकत्र आल्या की वाचणाऱ्याला तक्रारच लक्षात राहते.

साथीदार अनोळखी असतील, तर पत्राचा मार्ग जवळजवळ बंद असतो. मॅचनंतर त्यांना मैत्रीची विनंती धाडून एखादी ओळ लिहिता येते. ती त्यांनी स्वीकारली नाही, तर पुन्हा पाठवू नये. अनोळखी माणसाच्या मागे माफी घेऊन लागणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा त्रास देणे.

पत्र पोहोचले की नाही, हे उत्तरावरून कळत नाही. 'ठीक आहे रे' असे लगेच लिहून मोकळे होणारे मित्र असतात, आणि आठ दिवस गप्प राहून नंतर मनापासून बोलावणारेही. खरे लक्षण पुढच्या खेळात दिसते. हा खेळ बोलण्यावर चालतो: शत्रू कुठून आला, किती जण आहेत, स्मोक आता हवा. पत्रानंतर चौघे ओमेनशी जपून बोलू लागले, त्याचा स्मोक चुकला तरी कोणी काही म्हणेना, तर ते क्षमा केल्याचे लक्षण नव्हे. तो पुन्हा उठून जाईल ही भीती अजून आहे, आणि त्या गप्प बसण्याने राउंडही जातात. तेव्हा ओमेनने स्वतःच राउंडनंतर विचारावे, "स्मोक उशिरा पडला का?" सेजने बिनधास्त "हो, उशिरा पडला" म्हटले, आणि ओमेन पुढच्या राउंडलाही तिथेच होता, म्हणजे पत्र पोहोचले.